केकला दुसरी काठी, स्टेकला तिसरी

बँकॉकच्या थोनबुरी भागातल्या एका छोट्या खानावळीची दोन मेनूकार्डे माझ्या संग्रही आहेत. एक जुने, दुसरे त्यानंतर सुमारे वर्षभराने छापलेले. दोन्हींवर पदार्थ तेच आहेत. वरच्या भागात आजोबांच्या काळापासून चालत आलेले शेवयांचे, कांजीचे आणि सोया सॉसचे चिनी वळणाचे पदार्थ आहेत. खालच्या भागात नातीने वाढवलेले स्टेक, पिझ्झा, चॉकलेट केक आणि आइसक्रीम आहे. थाई वाचणाऱ्याला दोन्ही कार्डांवर चुका दिसतात. मजा अशी, की पहिल्या कार्डावरची एक चूक दुसऱ्यावर दुरुस्त झाली आणि त्या दुरुस्तीच्या पोटी दोन नव्या चुका जन्माला आल्या. या तीन चुकांचा माग काढताना मला थाई लिपीचा सातशे वर्षांचा इतिहास उलगडत गेला. तो मराठी वाचकाला बहुधा थाई वाचकापेक्षाही लवकर कळेल. कारण त्याची किल्ली आपल्या बाराखडीत आहे.

आधी काठ्यांविषयी. थाई ही सुरांची भाषा आहे. एकच अक्षर सपाट, खालच्या, उतरत्या, वरच्या किंवा चढत्या सुरात म्हटले की पाच वेगळे शब्द होतात. हा सूर दाखवण्यासाठी अक्षराच्या डोक्यावर जे चिन्ह देतात, त्याला थाईत ‘वन्नयुक’ म्हणतात. हा आपला ‘वर्णयुक्त’. चिन्हे चार आहेत आणि त्यांची नावे ‘माइ एक’, ‘माइ थो’, ‘माइ त्री’ आणि ‘माइ चत्तवा’ अशी आहेत. माइ म्हणजे काठी. पुढचे शब्द एक, द्वि, त्रि, चतुर् हे वेगळे सांगायला नकोत. पहिली काठी म्हणजे उभी रेघ, दुसरी आकडीसारखी, तिसरी थाई सातच्या आकड्यासारखी आणि चौथी अधिक चिन्हासारखी. सुरांनाही हीच नावे आहेत. सपाट सूर ‘सामन’, म्हणजे सामान्य, आणि पुढचे चार अनुक्रमे एक, थो, त्री, चत्तवा. चिन्ह आणि सूर यांना एकच नाव असावे, हीच या सगळ्या गोंधळाची सुरुवात आहे.

जुन्या कार्डावर केकची चूक होती. थाई माणूस केकचा उच्चार ‘खेक’ असा वरच्या सुरात करतो. वरचा सूर म्हणजे त्री सूर. नातीने ‘खे’वर तिसरी काठी, माइ त्री, ठेवली होती. शब्दकोशात तिथे दुसरी काठी आहे. कुणा शिस्तप्रिय गिऱ्हाइकाने निळ्या पेनाने तिसरी काठी खोडून दुसरी काढली होती. इथपर्यंत त्याचे बरोबर होते. पण तेवढ्यावर न थांबता तो वर स्टेककडे वळला. स्टेक थाईत ‘सतेक’ होतो, तोही वरच्या सुरात, आणि कार्डावर तिथेही तिसरी काठी होती. त्याने तीही खोडून दुसरी केली. स्टेकची तिसरी काठी मात्र बरोबर होती.

केक आणि स्टेक. इंग्रजीत यमक जुळते, थाईतही जुळते, दोघांचा सूरही एकच. तरी एकाला दुसरी काठी आणि दुसऱ्याला तिसरी, असे का?

उत्तर वर्गमालेत आहे. थाई लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव वळणाच्या लिपीतून, ख्मेर लिपीच्या मार्गाने आलेली. तिच्या अक्षरांचा क्रम आजही क, ख, ग, घ, ङ असाच आहे. फरक असा, की थाई माणूस तिसऱ्या आणि चौथ्या अक्षराचा, ‘ग’ आणि ‘घ’चा, उच्चारही ‘ख’ असाच करतो. तसेच ‘द’, ‘ध’च्या जागची अक्षरे ‘थ’ आणि ‘ब’, ‘भ’च्या जागची ‘फ’ अशी उच्चारली जातात. बुद्धाचे थाईत ‘फुत’ होते, पण लिहिताना तिथे आपल्या ‘ब’चाच वंशज असतो. व्याकरणकारांनी या अक्षरांचे तीन गट केले आहेत. वर्गातले पहिले अक्षर, क, च, त, प, हा मध्यम गट. दुसरे अक्षर, ख, थ, फ आणि त्यांच्याबरोबर स आणि ह, हा उच्च गट. तिसरे, चौथे आणि अनुनासिक हा नीच गट. इथे उच्च आणि नीच या शब्दांना सामाजिक अर्थ काही नाही.

तिसरी आणि चौथी काठी फक्त मध्यम गटावर चालते, असा नियम आहे. उच्च आणि नीच गटांना पहिल्या दोनच. नीच गटाच्या अक्षरावर पहिली काठी दिली की थो सूर, म्हणजे उतरता, आणि दुसरी दिली की त्री सूर, म्हणजे वरचा. मध्यम गटात काठी आणि सूर यांची नावे जुळतात, नीच गटात ती एका घराने सरकलेली असतात.

आता केकचा ‘ख’ थाईत कोणत्या अक्षराने लिहितात? ‘ग’च्या वंशजाने. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा ‘क’ किंचित फुंकर घालून उच्चारतो, थाई कानाला तो ‘ख’ ऐकू येतो आणि त्यासाठी नीच गटाचे अक्षर वापरण्याची रूढी आहे. म्हणून केकला दुसरी काठी. स्टेकमध्ये मात्र ‘ट’च्या आधी ‘स’ आहे आणि ‘स’नंतर इंग्रजीतली ती फुंकर निघून जाते. थाई कानाला तिथे ‘थ’ नाही, ‘त’ ऐकू येतो. ‘त’ मध्यम गटाचा. म्हणून स्टेकला तिसरी काठी. इंग्रज तोंडातून निघणाऱ्या श्वासाच्या एका झुळुकीवर बँकॉकच्या मेनूकार्डावरची काठी ठरते.

निळ्या पेनवाल्या गृहस्थाला नियमाचा अर्धाच भाग ठाऊक असावा. परकीय शब्दांवर लोक तिसरी काठी चुकीने देतात, हे थाई शाळांतून आणि वर्तमानपत्रांच्या भाषाविषयक सदरांतून वारंवार सांगितले जाते. त्याने त्यातून ‘तिसरी दिसली की खोडा’ एवढाच बोध घेतला. नातीने नवे कार्ड छापताना त्याची दोन्ही खोडाखोड शिरोधार्य मानली. शिवाय त्याच धाकाने सोया सॉसवरची काठीही बदलली. सोया सॉस थाईत ‘सी-इव’. दुसरे अक्षर वरच्या सुरात आणि मध्यम गटाचे, त्यामुळे तिथे तिसरी काठीच हवी. आजोबांनी भिंतीवरच्या जुन्या रंगवलेल्या पाटीवर ती बिनचूक दिली आहे. नव्या कार्डावर ती दुसरी झाली. ते कार्ड अक्षरशः वाचले तर सॉसचा आणि स्टेकचा सूर वर राहण्याऐवजी खाली उतरतो.

मी मोडक्यातोडक्या थाईत तिला विचारले, केकवर पहिल्यांदा तिसरी काठी का दिली होती? ती हसली आणि बोटे मोजत शाळेत शिकवतात ते पाच सूर म्हणून दाखवू लागली. का, का, का, का, का, प्रत्येक वेळी सूर बदलून. “हे बघा लुंग,” ती म्हणाली, “केक चौथ्या बोटावर येतो. तो त्री. मग त्री काठी नको का?” लुंग म्हणजे वडिलांपेक्षा वयाने मोठा काका.

तिचा तर्क खोडून काढणे सोपे नाही. थाई मुले पाच सूर शिकतात ते ‘क’ या अक्षरावर. पाचही सूर चिन्हांनी दाखवता येतात ते मध्यम गटातच, म्हणून शिक्षकांना ‘क’ निवडण्यावाचून गत्यंतर नसते. पण त्यामुळे मुलांच्या मनात पहिल्यांदा जे बसते ते ‘त्री सूर म्हणजे त्री काठी’ हेच. नीच गटाचा सरकलेला हिशेब नंतर येतो आणि तो पाठ करावा लागतो.

हा हिशेब असा सरकला कसा, याचे उत्तर सुखोथायच्या शिलालेखांत शोधावे लागते. राजा रामखम्हेंगचा म्हणून प्रसिद्ध असलेला शिलालेख १२९२ सालचा मानतात. त्याच्या अस्सलपणावर विद्वानांत वाद झालेला आहे, पण चौदाव्या शतकातले सुखोथायचे इतर लेख आपल्या कामाला पुरेसे आहेत. या काळात काठ्या दोनच होत्या, पहिली आणि दुसरी. दुसरीचा आकार तेव्हा अधिक चिन्हासारखा होता, म्हणजे आज चौथीचा आहे तसा. त्या काळी थाई माणूस ‘ग’चा उच्चार ‘ग’ आणि ‘ब’चा ‘ब’ असाच करत होता. सूर तीन होते. बिनकाठीचा, पहिल्या काठीचा आणि दुसऱ्या काठीचा. काठी बघावी आणि सूर लावावा, अक्षर कोणतेही असो. नातीला जशी लिपी हवी होती, तशीच ती त्या वेळी होती.

पुढच्या शतकांत ‘ग’, ‘ज’, ‘द’, ‘ब’ यांच्यातला घोष गेला आणि ते ख, छ, थ, फ असे झाले. ‘खा’ आणि ‘गा’ हे दोन शब्द एकसारखे ऐकू येण्याची पाळी आली. पण घोष जाता जाता त्याने मागे सूर ठेवला. पूर्वीच्या ‘ग’नंतरचा सूर एका बाजूला गेला, पूर्वीच्या ‘ख’नंतरचा दुसऱ्या बाजूला. एकेका जुन्या सुराची अशी फाळणी झाली. आज दुसरी काठी लावलेला, ‘ख’ने लिहिलेला ‘खा’ उतरत्या सुरात म्हणतात, त्याचा अर्थ सेवक. तीच दुसरी काठी लावलेला, ‘ग’च्या वंशजाने लिहिलेला ‘खा’ वरच्या सुरात म्हणतात, त्याचा अर्थ व्यापार करणे. पूर्वी हे दोन शब्द व्यंजनाने वेगळे होते, आता सुराने वेगळे आहेत, पण लिहिताना आजही व्यंजनानेच वेगळे ठेवले जातात. विल्यम गेडनी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हीच फाळणी एका चौकटीत मांडून दाखवली. कोणत्याही ताई बोलीचे सूर कसे ओळखावेत, याचे ते साधन आजही क्षेत्रकार्यात वापरतात.

म्हणजे नीच गट हा एक प्रकारचा जीवाश्म आहे. ज्या अक्षरांत कधी काळी घोष होता, त्यांची ती यादी. आपण ‘ग’, ‘द’, ‘ब’ अजून घोषानेच उच्चारतो, म्हणून आपल्याला ती यादी पाठ करावी लागत नाही. वर्गातले तिसरे, चौथे आणि पाचवे अक्षर म्हटले की झाले. बँकॉकच्या शाळकरी मुलाला तीच यादी घोकावी लागते.

या फाळणीनंतर एक जागा रिकामी राहिली. मध्यम गटाच्या अक्षरांवर, क, च, त, प यांवर, बिनकाठीचा सपाट, पहिलीने खालचा आणि दुसरीने उतरता एवढेच सूर लिहिता येत होते. वरचा आणि चढता सूर या अक्षरांवर लिहिण्याची सोयच नव्हती, कारण मुळातल्या थाई शब्दांत तशी गरज क्वचितच पडे. ती गरज चिनी शब्दांबरोबर आली. अयुत्थया राज्याच्या अखेरच्या काळात आणि पुढे थोनबुरीत दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून लोक मोठ्या संख्येने येत राहिले. १७६७ मध्ये थोनबुरीच्या गादीवर बसलेल्या ताकसिन राजाचे वडीलच तेओच्यू चिनी होते. तिसरी आणि चौथी काठी याच अठराव्या शतकाच्या सुमारास वापरात आलेली दिसते. आजही या दोन काठ्या मुख्यतः चिनी उसन्या शब्दांत आणि आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांत सापडतात.

यामुळे या दोन तरुण काठ्या पाहायच्या असतील तर राजाज्ञा किंवा धर्मग्रंथ उघडण्यापेक्षा खानावळीत जावे. तिथे बसायला जे मेज ओढतो त्याचे नाव ‘तो’, मूळ चिनी, त्यावर तिसरी काठी. भाताची कांजी ‘चोक’, तिसरी काठी. तांदळाच्या शेवया ‘क्वायतियाव’, दोन अक्षरे आणि दोन्हींवर चौथी काठी. सारण भरलेले ‘कियाव’, तिसरी. कुठलेही चिनी वळणाचे मेनूकार्ड हाती घेतले की त्यावर अधिक चिन्हे आणि सातचे आकडे विखुरलेले दिसतात.

या शेवयांवरून सरकारी इतिहासाचा एक तुकडा सांगायला हवा. १९४२ साली पंतप्रधान फिबुन सोंगख्राम यांनी दोन गोष्टी केल्या. एक, लिपी सोपी करण्यासाठी तेरा व्यंजने आणि पाच स्वर रद्द केले. दोन, वर्षाच्या अखेरीस, बँकॉकच्या महापुराच्या दिवसांत, लोकांनी क्वायतियाव खावे म्हणून मोहीम काढली. लिपीतून जी अक्षरे गेली त्यांत आपले ट-वर्गातले बहुतेक सगळे, ‘श’ आणि ‘ष’ होते, म्हणजे संस्कृत आणि पाली शब्दांचे मूळ रूप जपणारी अक्षरे. पण ‘ख’ आणि ‘ग’चा वंशज हे दोन्ही राहिले, आणि काठ्यांना हात लागला नाही. एवढी कडक सुधारणा करणाऱ्यालाही नीच गटाचा सरकलेला हिशेब मोडता आला नाही. मोडला असता तर ‘पाणी’, ‘घोडा’, ‘व्यापार’ अशा रोजच्या असंख्य शब्दांचे लेखन बदलावे लागले असते. फिबुन पायउतार झाल्यावर १९४४ मध्ये जुनी अक्षरे परत आली. शेवया मात्र टिकल्या.

आता पुन्हा कार्डाकडे. त्यावर एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. थाईत ‘नाम’ म्हणजे पाणी. लिंबाचे सरबत, उसाचा रस, चहाबरोबरचे गरम पाणी, प्रत्येक पेयाच्या नावात हा शब्द येतो. त्याचा ‘न’ नीच गटातला, सूर वरचा, म्हणून दुसरी काठी. नातीने तो सगळीकडे बिनचूक लिहिला आहे. ‘रॉन’ म्हणजे गरम, ‘नुआ’ म्हणजे गोमांस, यांनाही तोच नियम आणि तेही बरोबर. म्हणजे केकला लागू असलेला नियम तिने इतरत्र चुकवला नाही. फरक एवढाच, की ‘पाणी’ हा शब्द तिने लहानपणापासून पाहिलेला होता, त्याचे चित्र डोळ्यांत होते. केकचे चित्र तितके पक्के नव्हते, म्हणून तिने कान लावला आणि पाच बोटे मोजली. अशा चुका परकीय शब्दांवर इतक्या दाटीने का सापडतात, याचे माझ्या मते हेच कारण आहे. नियम कुणी नियम म्हणून वापरत नाही. ओळखीचे शब्द डोळ्याने लिहिले जातात आणि अनोळखी कानाने.

यावर कुणी म्हणेल, की बोट चुकून दुसऱ्या कळीवर पडले असेल. हा आक्षेप तपासता येतो. थाई संगणकांवर सर्रास वापरतात तो केत्मनी नावाचा कळफलक. त्यात दुसरी काठी इंग्रजी ‘एच’च्या कळीवर आहे, शिफ्ट न दाबता. तिसरी वरच्या ओळीत ‘यू’च्या कळीवर आहे आणि तिला शिफ्ट दाबावी लागते. दुसरीऐवजी तिसरी चुकून पडणे जवळजवळ अशक्य, तिच्यासाठी जास्तीचे कष्ट घ्यावे लागतात. उलट पहिली आणि चौथी काठी ‘जे’ या एकाच कळीवर आहेत, चौथीला शिफ्ट, पहिलीला नाही. जुन्या कार्डावर क्वायतियाव पाच ठिकाणी आहे, चार ठिकाणी बरोबर आणि एका ठिकाणी दुसऱ्या अक्षरावर चौथीऐवजी पहिली. ही शिफ्ट निसटल्याची खूण. जी चूक कधी होते आणि कधी होत नाही ती बोटाची, आणि जी प्रत्येक वेळी होते ती समजुतीची, असा ढोबळ निकष मी लावतो. संगणक इथे मदत करत नाही. एका अक्षरावर दोन काठ्या चढवू नका, एवढे तो पाहतो, पण कोणत्या गटाला कोणती काठी चालते हे त्याला विचारलेले नसते.

स्टेकची गंमत अजून संपलेली नाही. जुन्या कार्डाच्या मथळ्यात तो तिसऱ्याच प्रकारे लिहिलेला आहे, काठीऐवजी वर ‘माइ ताइखू’ हे चिन्ह देऊन. हे चिन्ह सुराचे नाही, स्वर ऱ्हस्व करण्याचे आहे. थाई माणूस स्टेकचा ‘ए’ आखूड उच्चारतो आणि सूर वर नेतो. या दोन्ही गोष्टी एकदम लिहिता येत नाहीत, कारण प्रमाण लेखनात ‘ए’वर काठी आली की ऱ्हस्व चिन्ह गळते. मग कुणी सूर लिहितो आणि लांबी सोडून देतो, कुणी लांबी लिहितो आणि सूर सोडून देतो. शब्दकोशाने सुराची बाजू घेतली. बाजारातल्या पाट्या बहुतेक लांबीच्या बाजूने आहेत. मला त्या पाट्यांत अडाणीपणा दिसत नाही.

शब्दकोशवाल्यांचे घरही काही नीटनेटके नाही. थाई शब्दकोश जी संस्था काढते तिच्या नावात ‘राजबंडित’ आहे, आपले राजपंडित. इंग्रजी शब्द थाई लिपीत कसे लिहावेत याचे नियम या संस्थेने १९८९ मध्ये ठरवले. त्यात सांगितले आहे, की उसन्या शब्दावर सुराची काठी देऊ नये. अपवाद एवढाच, की काठी न दिल्यास तो एखाद्या थाई शब्दासारखा होऊन घोटाळा होणार असेल तर द्यावी. उदाहरण म्हणून कोक दिला आहे. काठी नसलेला ‘खोक’ म्हणजे उंचवटा, टेकाड. पेयाची मागणी केली आणि टेकाड वाचले गेले, असे होऊ नये म्हणून दुसरी काठी. ठीक. पण काठी नसलेल्या ‘खेक’ला थाईत काही अर्थ नाही, तरी केकला शब्दकोशात काठी आहे, कारण ती रूढी नियमाच्या आधीची. पिझ्झाला मात्र नियमाप्रमाणे काठी नको. लोक ‘फिसा’ म्हणताना शेवटचा सूर उतरवतात आणि म्हणून बहुतेक पाट्यांवर शेवटी पहिली काठी देतात. इथेही आपले कार्ड नियमाने चूक आणि कानाने बरोबर. क्रीम या शब्दाला शब्दकोश ‘ग’चा वंशज देतो आणि आइसक्रीममधल्या क्रीमला ‘क’. नातीने दोन्हीकडे ‘ग’चा वंशजच लिहिला आणि तिथे ती चुकली असे ठरले. सँडविच, सॅन्डविच आणि सॅण्डविच हे आपल्याकडे एकाच फळ्यावर सुखाने नांदतात, पण त्याने उच्चार बदलत नाही. थाईत काठी चुकली की वाचणाऱ्याचा सूर बदलतो, आणि चुकणाऱ्याच्या माथी ‘फासा विबत’चा शिक्का बसतो. फासा विबत म्हणजे भाषेवरची विपत्ती. हा शब्द सहसा तरुणांना आणि छोट्या दुकानदारांना उद्देशून वापरला जातो, कोश करणाऱ्यांना उद्देशून नाही.

कोश करणाऱ्यांपैकी एकीने मात्र हे ओळखले. कांचना नाक्सकुल या ज्येष्ठ भाषाशास्त्रज्ञ आणि संस्थेच्या सदस्य. २०१२ मध्ये त्यांनी इंग्रजीतून आलेल्या १७६ शब्दांचे लेखन उच्चाराप्रमाणे बदलावे, असा प्रस्ताव मांडला आणि सदस्यांकडे प्रश्नावली गेली. म्हणणे सरळ होते. लोक जो सूर लावतात तो लिहा, म्हणजे लिहिलेले वाचता येईल. कॉम्प्युटरवर त्यामुळे तीन नवी चिन्हे चढली असती, एक ऱ्हस्वाचे आणि दोन दुसऱ्या काठ्या. क्लिनिकच्या ‘नि’मागे एक मूक ‘ह’ उभा राहिला असता, कारण सूर खाली आणण्याचा तिथे तोच मार्ग आहे. कुठेही नीच गटावर तिसरी काठी देण्याची भाषा नव्हती, सगळे जुन्या हिशेबाच्या चौकटीतच होते.

लोक खवळले. इतकी वर्षे डोळ्यांनी ओळखलेले शब्द असे काट्याकुट्यांनी भरलेले पाहून ते अनेकांना मेनूकार्डांवरच्या चुकांसारखेच वाटले. पाठ्यपुस्तके, पाट्या आणि सरकारी कागद बदलावे लागतील ही अडचण होतीच. सदस्यांचा कौलही विरोधात गेला आणि प्रस्ताव मागे पडला. जे लोक खानावळीच्या कार्डावरच्या जास्तीच्या काठीला हसत होते, त्यांनीच शब्दकोशाने काठ्या वाढवू नयेत म्हणून आवाज उठवला. यात मला विसंगती दिसत नाही. दोन्ही वेळा त्यांचा आग्रह सुराचा नव्हता, शब्दाच्या ओळखीच्या चेहऱ्याचा होता. कांचनाबाई कानाच्या बाजूने होत्या आणि वाचणारा समाज डोळ्याच्या.

कार्डाच्या तळाशी एक ओळ आहे, बिल मागवण्याविषयीची. थाईत बिल मागताना ‘चेक बिन’ म्हणतात. ‘ल’ अक्षराच्या शेवटी आला की ‘न’ होतो, म्हणून बिलचे बिन. ‘चेक’चा शेवटचा ‘क’ तिने ‘ग’च्या वंशजाने लिहिला आहे. शब्दकोशाच्या २०११च्या आवृत्तीप्रमाणे बँकेचा चेक तसा लिहायचा, पण तपासणे या अर्थाचा चेक ‘क’ने लिहायचा. बिल तपासायचे असते, म्हणून ही चूक धरावी लागेल. निळ्या पेनवाल्याने ती तशीच सोडली होती. शब्दाच्या शेवटी ही दोन अक्षरे एकसारखीच ऐकू येतात आणि सूरही तोच राहतो.